दीड जुडी, वजा एक काडी

शिक्षिका म्हणून मी आजवर किती गुण कापले याचा हिशोब कोणी मागितला तर मी सरळ हात वर करीन. पण एक गुण मला अजून आठवतो. तो मी अकोल्यात, जठारपेठेतल्या माझ्या भाड्याच्या खोलीत, एका रविवारी सकाळी, पूर्ण शुद्धीत कापला होता. उत्तर बरोबर आहे हे मला माहीत होतं. तरी कापला, आणि वर लाल पेनाने गोल केला.

मी मूळची अमरावतीची. माहेरी वडील वकील, काका वकील, त्यामुळे जेवताना मीठ कमी आहे की जास्त यावरही दोन्ही बाजू मांडल्याशिवाय निकाल लागत नसे. अशा घरातली मुलगी नोकरीत मात्र मेणाहून मऊ निघाली. अकोल्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी गणित शिकवायला लागून दुसरं वर्ष चालू होतं आणि मला कायम करायचं की नाही हे आमच्या विभागप्रमुखांच्या अहवालावर ठरणार होतं. त्यामुळे प्रमुख सर म्हणतील ती पूर्व दिशा, असं माझं चाललं होतं.

प्रमुख सर माणूस वाईट नव्हते. पण त्यांच्या कपाटात एक लॅमिनेट केलेला कागद होता. बारावीच्या प्रत्येक प्रकारच्या गणितात कोणत्या पायरीला किती गुण, ते त्यावर टाइप केलेलं होतं. तो कागद सरांच्याही आधीच्या, आता निवृत्त झालेल्या मोठ्या सरांनी बनवला होता. सर पेपर तपासायला बसले की आधी रुमालाने तो कागद पुसत. घरातले देवही कोणी इतक्या मनापासून पुसत नसेल.

त्या वर्षीच्या सराव परीक्षेत चार गुणांचं एक इंटिग्रेशन होतं. वर 3x + 5, खाली x² + 4x + 13. गणिताशी ज्यांचा संबंध सुटला त्यांच्यासाठी एवढंच सांगते की असलं गणित सरळ होत नाही. खालच्याचं डेरिव्हेटिव्ह काढलं तर 2x + 4 येतं. वर नेमकं तेच असतं तर उत्तर लॉगमध्ये एका ओळीत आलं असतं. वर नुसता आकडा असता तर खालच्याचा पूर्ण वर्ग करून उत्तर टॅन इन्व्हर्समध्ये आलं असतं. पण वर ना हे ना ते. म्हणून वरच्याची फोड करायची, काही पट 2x + 4 आणि वर एक उरलेला आकडा. मग एका तुकड्याचा लॉग होतो, दुसऱ्याचा टॅन इन्व्हर्स, आणि सगळे जेवायला मोकळे.

ही फोड करायची पुस्तकी रीत ठरलेली आहे. 3x + 5 = A(2x + 4) + B असं मानायचं. x चे सहगुणक जुळवले की 2A = 3, म्हणून A = 3/2. आकडे जुळवले की 4A + B = 5, म्हणजे 6 + B = 5, म्हणून B = −1. लॅमिनेट केलेल्या कागदावर लिहिलं होतं: A आणि B काढणे, एक गुण. फोड करून लिहिणे, एक गुण. लॉग, एक. टॅन इन्व्हर्स, एक.

माझ्यासमोर आलेल्या एका उत्तरपत्रिकेत A नव्हता आणि B ही नव्हता. पोरीने पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: 3x + 5 = (3/2)(2x + 4) − 1. दुसऱ्या ओळीत दीड पट लॉग. तिसऱ्या ओळीत खालच्याचं (x + 2)² + 9 करून वजा एक तृतीयांश टॅन इन्व्हर्स, (x + 2) भागिले 3 चा. शेवटी + c. चौथी ओळच नाही. एवढं स्वच्छ गणित मी स्वतःही कधी लिहिलं नव्हतं.

ही पोरगी तेल्हाऱ्याकडून रोज एसटीने यायची. घरी भाजीचा मळा. वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची आणि मी फळ्यावर A लिहायला गेले की तोंड वळवून खिडकीबाहेर बघायची. एकदा मी चिडून विचारलं होतं, "काय बघून राहिली बाहेर? उत्तर बाहेर लिहिलंय का?"

"नाही मॅडम. उत्तर निघालं, म्हणून."

"कसं निघालं? A कुठंय तुझा?"

तेव्हा तिने मला जे सांगितलं ते मी विसरणं शक्य नाही. "मॅडम, घरी आमी सांबाराच्या जुड्या बांधतो ना, तसंच आहे हे. जुडी केवढी बांधायची ते खालच्याचं डेरिव्हेटिव्ह सांगते. एका जुडीत दोन x न् चार काड्या. मले तीन x पायजे, मंजे दीड जुडी. दीड जुडीत काड्या आल्या सहा. मले पायजे होत्या पाच. मंग एक काडी काढून घेतली. वजा एक."

आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, एवढं पुण्याकडच्या वाचकांना सांगायला हवं. बाकी तिच्या बोलण्यात समजावून सांगण्यासारखं काही उरत नाही. मी तेव्हा हसले आणि म्हणाले, "परीक्षेत जुड्या नको बांधू, A आणि B लिही." तिने मान हलवली. आणि परीक्षेत जुड्याच बांधल्या.

आता गंमत अशी, किंवा गंमत नाहीच. ज्यांना सराव परीक्षेत ऐंशीपैकी सत्तर पडतील त्यांना कॉलेज विशेष तुकडीत घेणार होतं. तिथे प्रवेश परीक्षेची तयारी करून घेत आणि परीक्षा संपेपर्यंत वसतिगृहात राहायला मिळे. तिच्या वडिलांनी घरी सांगून टाकलं होतं की तुकडी मिळाली तर इंजिनिअरिंगची परीक्षा दे, नाही मिळाली तर तेल्हाऱ्यालाच बी.ए. कर, रोजची एसटी आता पुरे. मला हे माहीत होतं. तिनेच सांगितलं होतं. मी A आणि B चा एक गुण कापला आणि बेरीज केली. एकोणसत्तर.

निकाल लागला त्या दिवशी ती स्टाफरूमच्या दाराशी आली. रडली नाही, भांडलीही नाही. उत्तरपत्रिका पुढे करून म्हणाली, "मॅडम, यात चूक कोणती आहे तेवढं दाखवा फक्त." मला चूक दाखवता येईना. घरातली वकिली कुठे गेली होती कोणास ठाऊक. "सरांशी बोलते," म्हणाले, आणि मग खरंच बोलावं लागलं.

प्रमुख सरांनी तिचं उत्तर दोनदा वाचलं. "बरोबर आहे," म्हणाले. "पण A न् B नाही."

"सर, A आणि B कशासाठी काढतो आपण? 3/2 आणि −1 मिळवायला. तिने मिळवले."

"मॅडम, आज हे A, B सोडून देतील, उद्या पोट्टे c सोडतील. परवा उत्तर सोडतील." कागद पुसून त्यांनी कपाटात ठेवला. "हा नियम मोठ्या सरांचा आहे. मोडायचा असंल तर त्यांनीच मोडला पायजे. मले अधिकार नाही."

"मग त्यांना विचारा."

माझ्या तोंडून हे कसं निघालं मला कळलं नाही. सरांनाही कळलं नसावं, कारण ते पटकन हो म्हणाले. मोठे सर अमरावतीला राहत. फोनवर त्यांना ऐकू येत नसे. म्हणजे उत्तरपत्रिका घेऊन प्रत्यक्ष जाणं आलं. आणि इथून कॉलेजला वेड लागलं.

ऑफिसातले बाबू म्हणाले, एकदा निकाल लागला की उत्तरपत्रिका आवाराबाहेर नेता येत नाही. तशी सोयच नाही. प्राचार्यांनी विचारलं, बाहेर नेण्यासाठी आपल्याकडे कोणता फॉर्म आहे? बाबूंनी सगळे खण शोधले. बाहेर नेण्याचा एकच फॉर्म निघाला, शैक्षणिक सहलीचा. प्राचार्य म्हणाले, मग तोच भरा. मी जागेवर बसून तो भरला. सहलीचे ठिकाण: अमरावती. सोबतचे शिक्षक: दोन. सहलीला जाणारे: उत्तरपत्रिका, एक नग. प्रथमोपचार पेटी सोबत आहे काय: होय. बाबूंनी खरोखरच पेटी आणून दिली आणि तिच्यासाठी माझी सही घेतली.

फॉर्मच्या खाली पालकाचं संमतिपत्र होतं. बाबू म्हणाले, त्याशिवाय शिक्का मारणार नाही.

म्हणून तिच्या वडिलांना तेल्हाऱ्याहून बोलावलं. ते पांढरा सदरा घालून, हातात सांबाराची पिशवी घेऊन आले आणि फॉर्म बघत बराच वेळ उभे राहिले. "म्हंजे पोरगी नाही जाऊन राहिली?"

"नाही. तिचा पेपर जाऊन राहिला."

"पेपर सहलीले?"

"हो."

"संध्याकाळपर्यंत वापस येईल?"

बाबू म्हणाले, "येईल." वडिलांनी सही केली. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "मॅडम, पोरीनं काई गुन्हा तर नाही केला?" मला इतकी शरम वाटली की मी फक्त नकारार्थी मान हलवली. त्यांनी पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि एसटी पकडायला निघून गेले.

शनिवारी सकाळी आम्ही अकोल्याहून अमरावतीच्या एसटीत बसलो. प्रमुख सरांच्या मांडीवर लाखेने बंद केलेला लिफाफा, माझ्या मांडीवर प्रथमोपचार पेटी. मूर्तिजापूर येईपर्यंत सर लिफाफ्यावरची लाख तपासत होते. बडनेरा जवळ आलं तेव्हा म्हणाले, "मीही कॉलेजात असताना डायरेक्टच लिहायचो." मी वळून पाहिलं तर ते खिडकीबाहेर बघत होते.

मोठ्या सरांचं घर पिढीजात भटजींचं. ओसरीवर ओली सोवळी वाळत होती आणि सर स्वतः खुर्चीत बसून शब्दकोडं सोडवत होते. प्रमुख सरांनी वाकून नमस्कार केला. मग लिफाफा फोडला, प्रकरण मोठ्याने ओरडून सांगितलं आणि लॅमिनेट केलेला कागद त्यांच्या हातात दिला. मोठ्या सरांनी तो उलटून पाहिला, सुलटून पाहिला.

"हा अजून आहे? अरे बाप्पा!"

"तुमचाच नियम आहे सर. A न् B ले एक गुण. आमी आजवर मोडला नाही. तो तुमी का केला होता, तेवढं सांगा."

मोठे सर आठवत राहिले. प्रमुख सरांनी खिशातून पेन काढून तयार ठेवलं, काही सांगितलं तर टिपून घ्यायला.

"आठवलं," मोठे सर म्हणाले. "हे गणित पयले तीन मार्काले यायचं. पायऱ्याही तीनच, फोड, लॉग न् टॅन इन्व्हर्स. मंग पेपरचा नमुना बदलला, हे गणित चार मार्काच्या भागात गेलं. पायऱ्या तीन, मार्क चार. एक मार्क उरून राहिला. कुठं ठेवू? बाकी तर कुठं जागा नव्हती. मंग A न् B वर ठेवून दिला."

"बस?" मी विचारलं.

"बस. उरलेला मार्क होता तो."

प्रमुख सरांनी पेनाचं टोपण लावलं. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. इतकी वर्षं रुमालाने पुसलेला कागद मोठ्या सरांच्या मांडीवर शब्दकोड्याखाली गेला होता.

पण प्रमुख सर हार मानणाऱ्यातले नव्हते. "तरी सर, A, B लिहिल्यानं चूक होत नाही. शिस्त राहते."

"हे मात्र खरं," मोठे सर खुश होऊन म्हणाले. "डायरेक्ट करणारे पोट्टे चिन्हात फसतात. पाहा, मीच करून दाखवतो." त्यांनी शब्दकोड्याच्या समासात लिहायला सुरुवात केली. 2A = 3. A = 3/2. 4A + B = 5. 6 + B = 5. आणि मग अत्यंत वळणदार अक्षरात, B = 1.

 प्रमुख सरांनी तो एक पाहिला. मीही पाहिला. प्रमुख सर म्हणाले, "बरोबर आहे सर."

मी आयुष्यात इतकी कधी भडकले नसेन. आतापर्यंत मेलेली माझी वकिली एका झटक्यात जिवंत झाली. "सर, x च्या जागी शून्य टाका," मी म्हणाले, आणि ऐकू यावं म्हणून ओरडून म्हणाले. "डाव्या बाजूला काय राहिलं?"

"पाच."

"उजव्या बाजूला?"

"दीड चोक सहा. सहा न् एक..." ते थांबले. "सात."

"पाच बरोबर सात?"

मोठ्या सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि एकाच्या आधी वजा लावला. मग हसत सुटले. पोट धरून हसले. "शिस्तीनं चुकलो," म्हणाले. हसू ओसरल्यावर पोरीची उत्तरपत्रिका त्यांनी पहिल्यांदाच नीट वाचली. "हिनं कुठं केलं हे? बाजूले कच्चं काम तर काहीच नाही."

मी त्यांना जुडीचं सांगितलं. दीड जुडी, सहा काड्या, एक काढून घेतली. ते ऐकताना त्यांची बोटं हवेत जुडी बांधत होती.

"दीड जुडी," ते म्हणाले. "मी बत्तीस वर्षं शिकवलं हो हे, मले नाही सुचलं." आणि मग कपाळाला आठ्या घालून विचारलं, "हिचा मार्क कापला कोणी?"

प्रमुख सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पाहिलं असतं तर मी कदाचित त्यांच्यावर ढकललं असतं. "मी कापला," मी म्हणाले. "बरोबर आहे हे माहीत असून कापला. मला कायम व्हायचं होतं."

मोठ्या सरांना ते ऐकू आलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी सहलीचा फॉर्म मागून घेतला. शेवटी एक रकाना होता, "सहलीतून काय साध्य झाले?" त्यात त्यांनी लिहिलं, "एक गुण," आणि खाली सही केली.

सोमवारी एकोणसत्तराचे सत्तर झाले. बाबूंनी प्रथमोपचार पेटी परत घेताना आतल्या पट्ट्या मोजल्या. पोरगी विशेष तुकडीत गेली, वसतिगृहात तिला कॉट मिळाली, आणि वडील तिची गादी पोचवायला आले तेव्हा माझ्यासाठी पुन्हा सांबार घेऊन आले. मी हवेत होते. आपण कोणासाठी तरी उभे राहिलो असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं. पुढे प्रमुख सरांनी माझा अहवालही चांगला दिला, कायमही केलं.

तीन आठवड्यांनी विशेष तुकडीची पहिली चाचणी झाली. पेपर तपासायला माझ्याकडे होते. त्याच प्रकारचं गणित, वर 5x + 2, खाली x² + 2x + 10. तिची उत्तरपत्रिका मी सगळ्यात आधी काढली, अगदी चहा ओतून घेऊन, एखादं पत्र वाचायला घ्यावं तशी.

Let 5x + 2 = A(2x + 2) + B. 2A = 5. A = 5/2. 2A + B = 2. 5 + B = 2. B = −3. सगळं जागच्या जागी, सगळ्या ओळी.

दुसऱ्या दिवशी तिला व्हरांड्यात गाठलं. "अगं, हे काय? जुड्या कुठे गेल्या?"

"उत्तर जुडीनंच काढते मॅडम," ती म्हणाली. "पयले चार-पाच ओळी कोऱ्या सोडते, खाली उत्तर लिहून टाकते. मंग वर जाऊन A न् B भरते. आता उत्तर माहीत असते, तर चुकत नाही."

"पण तू बरोबर होतीस! मोठ्या सरांनी स्वतः लिहून दिलंय."

"होतीच ना मी बरोबर." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच काही समजत नाही. "पण दर वेळी पेपरले सहलीले कोण नेईल?"

मग ती वर्गात गेली. मी स्टाफरूममध्ये आले तेव्हा प्रमुख सर तिची तीच उत्तरपत्रिका हातात घेऊन उभे होते आणि समाधानाने मान हलवत होते. "पाहा मॅडम," म्हणाले, "पोरगी आता कशी वळणावर आली." मी पेन काढलं आणि A, B च्या ओळीसमोर एक गुण दिला.